पाठ : नव्वद दिवसांची यादी – कराराच्या नोंदवहीतून विभागप्रमुखांना जाणारं मासिक ई-मेल



बारावी वाणिज्यच्या चिटणिसाच्या कार्यपद्धतीत पत्रव्यवहाराचा भाग आपण शिकवतो. त्यातली पत्रं बहुतेक भागधारक, कर्जरोखेधारक आणि ठेवीदारांना लिहिलेली असतात. रहाटणी-काळेवाडी भागातली आपली मुलं मात्र पुढे ऑफिस असिस्टंट म्हणून लागतात ती बऱ्याचदा चाकण, भोसरी किंवा तळवड्याच्या मध्यम आकाराच्या कारखान्यांत. तिथे भागधारकाला पत्र लिहायची वेळ क्वचितच येते. दर महिन्याच्या एक तारखेला मात्र त्यांच्यापैकी कोणाला तरी एक ई-मेल पाठवावं लागतं : येत्या नव्वद दिवसांत कोणते करार नूतनीकरणाला येतात, त्याची यादी विभागप्रमुखांना. आजचा पाठ त्या ई-मेलचा आहे. दोन तासिका पुरतात. संगणक कक्ष मिळाला तर उत्तम, नाहीतर फळ्यावरही होतो.

आधी करार म्हणजे कोणते ते मुलांना सांगा

चाकण एमआयडीसीतला १२० कामगारांचा एक कारखाना समजा. कारखाना कल्पित आहे, पण असे कारखाने तिथे गल्लोगल्ली आहेत. त्याचे चालू करार मुलांकडूनच काढून घ्या, कारण निम्म्या मुलांचे पालक अशाच ठिकाणी कामाला असतात. कॅन्टीन, सिक्युरिटी, हाउसकीपिंग, कामगारांना आणणारी बस, कॉम्प्रेसर आणि क्रेनची वार्षिक देखभाल (त्याला सगळे एएमसी म्हणतात), झेरॉक्स मशीनचं भाडं, इंटरनेटची लाइन, साठा आणि बिलांचं सॉफ्टवेअर, कामगारांचा ग्रुप मेडिक्लेम, आणि प्रशिक्षणार्थी मुलांना राहायला रहाटणीत घेतलेला एक फ्लॅट. बघता बघता पंचवीस-तीस होतात.

प्रत्येक करार कुठल्यातरी एका विभागाचा असतो. फ्लॅट आणि मेडिक्लेम एचआरचा, सॉफ्टवेअर आयटीचं, कॅन्टीन प्रशासनाचं. करारावर सही झाली की तो फाइलमध्ये जातो आणि विभागप्रमुख आपल्या रोजच्या कामाला लागतो. म्हणून सगळ्या करारांची एक नोंदवही असते. ती सांभाळणारा दर महिन्याला त्यातून यादी काढतो आणि ज्याचा करार आहे त्याला विचारतो : पुढे काय करायचं?

इथपर्यंत सोपं आहे. गंमत आहे ती 'नव्वद दिवस' कुठून मोजायचे यात.

शेवटचा दिवस नाही, निर्णयाचा दिवस

मुलांना विचारा की यादी कशी काढाल. जवळजवळ सगळी एकच उत्तर देतात : ज्या करारांची मुदत आजपासून नव्वद दिवसांत संपते ते करार. ऐकायला बरोबर वाटतं. आता १ जुलै २०२५ ही यादीची तारीख धरा. नव्वद दिवस पुढे गेलो की २९ सप्टेंबर येतो. आपल्या कारखान्याचे चार करार फळ्यावर लिहा.

सॉफ्टवेअरचा करार १५ ऑक्टोबर २०२५ ला संपतो. त्यात एक कलम आहे : मुदत संपण्याच्या किमान नव्वद दिवस आधी लेखी नोटीस दिली नाही, तर करार त्याच अटींवर आणखी एक वर्ष आपोआप वाढेल. वर्षाची रक्कम ४,८०,००० रुपये.

कॅन्टीनचा करार ३० सप्टेंबरला संपतो. नोटीस तीस दिवसांची. पण नवा ठेकेदार शोधायचा तर दरपत्रकं मागवायची, दोन-तीन ठिकाणचं जेवण चाखून बघायचं, स्वयंपाकघर ताब्यात द्यायचं, या सगळ्याला साठ दिवस लागतात.

ग्रुप मेडिक्लेमही ३० सप्टेंबरच्या मध्यरात्री संपतो. त्यात नोटीस वगैरे काही नाही. पण कामगार आणि कुटुंबीयांची ताजी यादी करणं, दोन-तीन कंपन्यांचे दर घेणं आणि हप्ता मंजूर करून भरणं याला पंचेचाळीस दिवस हवेत.

आणि रहाटणीचा फ्लॅट. भाडेकरार १५ ऑक्टोबर २०२४ पासून अकरा महिन्यांचा, म्हणजे १४ सप्टेंबर २०२५ ला संपणारा. नोटीस तीस दिवसांची.

आता 'मुदत नव्वद दिवसांत संपते' ही चाळणी लावा. २९ सप्टेंबरपर्यंत संपणारा करार एकच निघतो : फ्लॅट. मेडिक्लेम आणि कॅन्टीन एका दिवसाने यादीबाहेर राहिले. सॉफ्टवेअर तर लांबच. ते पुढच्या महिन्यात, १ ऑगस्टच्या यादीत येईल, कारण तेव्हा खिडकी ३० ऑक्टोबरपर्यंत पोहोचते. पण नोटीस द्यायची शेवटची तारीख काढा. १५ ऑक्टोबरमधून नव्वद दिवस वजा केले की १७ जुलै येतो. म्हणजे आयटी प्रमुखाला पहिल्यांदा कळेल तेव्हा करार वाढून पंधरा दिवस झालेले असतील. ४,८०,००० रुपये खर्चायचं ठरलं, आणि ते कोणीच ठरवलं नाही. यादी वेळेवर गेली, ई-मेल वेळेवर गेलं, कोणाचं काही चुकलं नाही, तरीही.

वर्गात इथे जरा थांबा. मुलांना स्वतःच्या वहीत वजाबाकी करू द्या. ऑक्टोबरचे १५ दिवस मागे गेलो की ३० सप्टेंबर, सप्टेंबरचे ३० म्हणजे ३१ ऑगस्ट, ऑगस्टचे ३१ म्हणजे ३१ जुलै. झाले ७६. उरले १४. ३१ मधून १४ गेले, १७ जुलै. बोटांवर केलेलं हे गणित डोक्यात बसतं. कॉम्प्युटरने काढलेलं नुसतं दिसतं.

तर नव्वद दिवसांची खिडकी कराराच्या शेवटच्या दिवसावर लावायची नाही. ती निर्णयाच्या तारखेवर लावायची. निर्णयाची तारीख म्हणजे शेवटच्या दिवसातून नोटीसचे दिवस किंवा तयारीचे दिवस, यांपैकी जे जास्त असतील ते वजा करून येणारी तारीख.

या हिशेबाने चारही करार परत बघा. सॉफ्टवेअर १७ जुलै. कॅन्टीन : नोटीस ३०, तयारी ६०, मोठा आकडा ६०, म्हणून १ ऑगस्ट. फ्लॅट १५ ऑगस्ट. मेडिक्लेम १६ ऑगस्ट. चारही २९ सप्टेंबरच्या आत आहेत, चारही यादीत येतात. शिवाय क्रम बदलला. सगळ्यात उशिरा संपणारं सॉफ्टवेअर सगळ्यात वर गेलं, आणि आधी एकटाच दिसणारा फ्लॅट तिसऱ्या नंबरवर गेला.

अजून एक गोष्ट मुलांकडून काढून घ्या. निर्णयाच्या तारखेवर खिडकी लावली की सॉफ्टवेअर पहिल्यांदा कुठल्या यादीत आलं असतं? १ एप्रिलची खिडकी ३० जूनला संपते, त्यात १७ जुलै नाही. १ मेची ३० जुलैपर्यंत जाते, त्यात आहे. म्हणजे मे, जून आणि जुलै असं तीनदा. प्रत्येक करार साधारण तीनदा दिसतो. पहिल्यांदा दिसल्यावर विचार, दुसऱ्यांदा दरपत्रकं, तिसऱ्यांदा निर्णय. खिडकी नव्वद दिवसांची आणि ई-मेल महिन्याचं, या जोडीचा खरा उपयोग हा.

नोंदवहीचे रकाने

गूगल शीटमध्ये किंवा एक्सेलमध्ये एका करारासाठी एक ओळ. रकाने असे : A क्रमांक, B करार, C पुरवठादार, D विभाग, E शेवटचा दिवस, F नोटीसचे दिवस, G तयारीचे दिवस, H निर्णयाची तारीख, I आपोआप वाढतो का, J वार्षिक रक्कम, K स्थिती. स्थितीत 'चालू' किंवा 'संपला' एवढंच.

H मध्ये हाताने काही लिहायचं नाही. तिथे हे सूत्र :

```
=E2-MAX(F2,G2)
```

या पानाला 'नोंदवही' असं नाव द्या, आणि दुसऱ्या पानावर यादी काढणारं सूत्र :

```
=SORT(FILTER('नोंदवही'!A2:K200,'नोंदवही'!H2:H200<=TODAY()+90,'नोंदवही'!K2:K200="चालू"),8,1)
```

म्हणजे निर्णयाची तारीख आजपासून नव्वद दिवसांच्या आत असलेले चालू करार, आठव्या रकान्याच्या म्हणजे H च्या क्रमाने. गूगल शीटमध्ये हे चालतं, नव्या एक्सेलमध्येही चालतं. जुन्या एक्सेलमध्ये FILTER नाही, तिथे साधा ऑटोफिल्टर लावून H रकान्यावर यादी काढावी.

हुशार मुलं इथे एक 'सुधारणा' सुचवतात : निर्णयाची तारीख आजच्या पुढची असली पाहिजे अशीही अट घालू या, म्हणजे जुनं सगळं गळून जाईल. ती घालायची नाही. ज्या कराराची तारीख उलटून गेली आणि तरी कोणी उत्तर दिलं नाही, तो करार यादीत सगळ्यात वर, तसाच, दर महिन्याला दिसत राहिला पाहिजे. ती अट घातली तर नेमका चुकलेला करार यादीतून गायब होतो आणि यादी छान स्वच्छ दिसते. करार खाली जाण्याचा मार्ग एकच : निर्णय झाला, नवा करार झाला, किंवा जुना संपून स्थिती बदलली.

करार वाढला की जुन्या ओळीतली तारीख खोडून नवी लिहायची सवय असते. त्यापेक्षा जुन्या ओळीला 'संपला' करावं आणि नवी ओळ लिहावी. पुढच्या वर्षी दर किती वाढला हे बघायला तीच ओळ लागते.

तारीख चुकते कुठे

नोंदवहीत चुका होतात त्या बहुतेक E रकान्यात, आणि मुलांना त्या दाखवाव्याच लागतात.

पहिली तर मोजण्याची. करार १ ऑगस्टपासून एक वर्षाचा, तर तो पुढच्या ३१ जुलैला संपतो, १ ऑगस्टला नाही. एका दिवसाने काय होतं, असं मुलं म्हणतात. वरचा मेडिक्लेम दाखवा. ३० सप्टेंबरच्या मध्यरात्री विमा संपला आणि १ ऑक्टोबरच्या पहाटे कामगाराच्या आईला अ‍ॅडमिट करावं लागलं, तर तो एक दिवसच सगळं काही असतो.

दुसरी, 'तीन महिने' आणि 'नव्वद दिवस' एकच समजण्याची. करारात तीन महिन्यांची नोटीस लिहिली असेल तर १५ ऑक्टोबरच्या आधीचे तीन महिने म्हणजे १५ जुलै. नव्वद दिवस धरले की १७ जुलै. दोन दिवस उशीर झाला की पुरवठादार म्हणणार, नोटीस मुदतीत आली नाही. अशा करारासाठी H मध्ये वेगळं सूत्र घालावं :

```
=MIN(EDATE(E2,-3),E2-G2)
```

नोटीस 'पाठवली' पाहिजे की 'पोहोचली' पाहिजे, हेही करारातच लिहिलेलं असतं. पोहोचली पाहिजे असं असेल आणि पत्र पोस्टाने जाणार असेल, तर नोटीसच्या दिवसांत आठवडाभर वाढवून लिहावं. अशा ठिकाणी कंजुषी परवडत नाही.

तिसरी चूक डोळ्यांना दिसत नाही, म्हणून ती जास्त वाईट. तारीख लिहिली, पण शीटने ती तारीख म्हणून घेतलीच नाही, साधा मजकूर म्हणून घेतली. शीटची सेटिंग अमेरिकेची असेल तर तिथे आधी महिना येतो. ५ जून म्हणून लिहिलेलं 05/06/2025 हे ६ मे होऊन बसतं, आणि 25/06/2025 मध्ये पंचविसावा महिना नसल्यामुळे ते मजकूर म्हणूनच पडून राहतं. अशी ओळ यादीत येत नाही, किंवा सूत्रच चूक दाखवतं. ओळखायची खूण सोपी आहे : रकाना मुद्दाम डावीकडे-उजवीकडे सरकवलेला नसेल तर खरी तारीख उजव्या कडेला चिकटते, मजकूर डावीकडे. आणि ही दोन सूत्रं शेजारी-शेजारी ठेवा :

```
=COUNTIF(K2:K200,"चालू")
=SUMPRODUCT((K2:K200="चालू")*ISNUMBER(E2:E200))
```

पहिलं चालू करार मोजतं, दुसरं त्यांपैकी ज्यांची तारीख खरी तारीख आहे ते मोजतं. दोन आकडे सारखे आले पाहिजेत. अठ्ठावीस आणि सव्वीस आले तर दोन करार अंधारात आहेत. ई-मेल पाठवण्याआधी दर महिन्याला हे बघायचं. एवढं केलं तरी पुष्कळ. मात्र ५ जूनचा ६ मे झाला असेल तर तो यातून पकडता येत नाही, त्यासाठी शीटची सेटिंग सुरुवातीलाच भारताची करून घ्यावी.

काही करारांना शेवटचा दिवसच नसतो, 'रद्द करेपर्यंत चालू' असं असतं. पाण्याच्या जारवाल्याचा करार बऱ्याचदा असा असतो. तिथे E रिकामा ठेवू नये. वर्षातून एकदा बघायचं असं ठरवून पुनर्विचाराची तारीख लिहावी.

आणि तारीख लिहायची ती सही झालेल्या करारावरून. बिलावरून नाही, विभागप्रमुखाच्या आठवणीवरून तर नाहीच. मध्ये मुदतवाढीचं पत्र आलेलं असेल तर त्यावरून.

आता ई-मेल

सगळ्यांना मिळून एकच लांब यादी पाठवली तर ती कोणीच वाचत नाही. प्रत्येकाला वाटतं, यातलं माझं काही नसेल. म्हणून प्रत्येक विभागप्रमुखाला फक्त त्याच्या विभागाच्या ओळी, आणि पूर्ण यादी कारखान्याच्या व्यवस्थापकाला. ई-मेल शक्यतो पदाच्या पत्त्यावर जावं. माणूस नोकरी सोडून गेला तरी पद राहतं, आणि त्या पत्त्यावर आलेलं नवा माणूस वाचतो.

यादीतल्या प्रत्येक ओळीने विभागप्रमुखाला तीन गोष्टी सांगायला हव्यात : काय संपतंय, कधीपर्यंत ठरवायचं, आणि उत्तर आलं नाही तर काय होईल. बहुतेक ई-मेलमध्ये पहिल्या दोन असतात. तिसरी नसते. पण विभागप्रमुख हातातलं काम बाजूला ठेवून उत्तर देतो तो तिसऱ्या गोष्टीमुळेच.

उत्तर न दिल्याचा परिणाम प्रत्येक कराराचा वेगळा असतो, म्हणून तो दर ओळीला वेगळा लिहावा लागतो. सॉफ्टवेअर गप्प राहिल्याने वाढतं. मेडिक्लेम गप्प राहिल्याने संपतो. कॅन्टीन कागदावर संपतं, पण ठेकेदाराची माणसं दुसऱ्या दिवशीही येऊन पोळ्या लाटायला लागतात. म्हणजे करार नाही, दर ठरलेला नाही, आणि त्या माणसांच्या पीएफ-ईएसआयची अंतिम जबाबदारी मात्र मूळ मालक म्हणून कारखान्याच्या डोक्यावर आहेच. फ्लॅटचं आणखी निराळं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ च्या कलम २४ प्रमाणे राहण्यासाठी लिव्ह अँड लायसन्सवर दिलेली जागा मुदत संपल्यावर सोडली नाही, तर ठरलेल्या भाड्याच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई द्यावी लागू शकते. आणि असा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, हे त्याच कायद्याचं कलम ५५. मालकाने फोनवर 'राहू द्या हो मुलांना अजून वर्षभर' म्हटलं, तर ते नूतनीकरण नव्हे. नवा करार, नवी नोंदणी.

आयटी प्रमुखाला जाणारं ई-मेल साधारण असं :

> विषय : नूतनीकरण यादी, जुलै २०२५ – आयटी – १ करार, निर्णय १७ जुलैपर्यंत
>
> सप्रेम नमस्कार,
>
> कराराच्या नोंदवहीप्रमाणे आपल्या विभागाचा पुढील करार निर्णयासाठी आहे.
>
> साठा व बिलांचं सॉफ्टवेअर. शेवटचा दिवस १५ ऑक्टोबर २०२५. नोटीस नव्वद दिवस. निर्णयाची शेवटची तारीख १७ जुलै २०२५. वार्षिक रक्कम ४,८०,००० रुपये.
>
> उत्तर न आल्यास : करार १५ ऑक्टोबर २०२६ पर्यंत त्याच अटींवर आपोआप वाढेल.
>
> ही शेवटची सूचना आहे. मे आणि जूनच्या यादीतही हा करार होता. पुढची यादी १ ऑगस्टला जाईल, तोपर्यंत नोटीसची मुदत संपलेली असेल.
>
> कृपया १० जुलैपर्यंत याच ई-मेलला उत्तर द्यावे : (१) आहे तसा चालू ठेवा, (२) अटी बदलून चालू ठेवा, (३) बंद करा. (२) किंवा (३) असल्यास नोटीसचा मसुदा आम्ही तयार करून सहीसाठी पाठवू.
>
> कळावे,
> प्रशासन विभाग

यातल्या दोन-तीन गोष्टींकडे मुलांचं लक्ष वेधा. विषयाच्या ओळीतच विभाग, संख्या आणि तारीख आली आहे. ई-मेल न उघडताही प्रमुखाला कळतं. उत्तराची तारीख १० जुलै मागितली आहे, १७ नाही, कारण नोटीस लिहून, सही होऊन ती पोहोचायला आठवडा लागतो. आणि 'शेवटची सूचना' हे शब्द उगाच घातलेले नाहीत. पुढच्या महिन्याचं ई-मेल जायच्या आत किंवा त्याच दिवशी ज्याची निर्णयाची तारीख येते, त्याच करारापुढे ते येतात :

```
=IF(H2<=EDATE(TODAY(),1),"शेवटची सूचना","")
```

१ जुलैच्या यादीत हा शिक्का सॉफ्टवेअर आणि कॅन्टीनवर बसतो. फ्लॅट आणि मेडिक्लेमला अजून एक ई-मेल मिळणार आहे, त्यांच्यावर तो बसत नाही. सगळ्याच ओळींवर लाल अक्षरात 'तातडीचे' लिहिलं तर चौथ्या महिन्यात त्या लाल रंगाकडे कोणी बघत नाही. शाळेतल्या आपल्या सूचनावहीचं काय होतं ते आपल्याला माहीत आहेच!

दहा तारखेपर्यंत उत्तर आलं नाही, तर अकराला फोन. ई-मेलवर ई-मेल पाठवत बसू नये. फोनवर जे ठरलं ते एका ओळीत लिहून त्याच ई-मेलच्या साखळीत टाकावं : 'आत्ता बोलल्याप्रमाणे करार बंद करायचा आहे, नोटीस उद्या पाठवतो.' आणि व्यवस्थापकाला प्रत. नोंदवही सांभाळणाऱ्याने स्वतः निर्णय घ्यायचा नाही, हे मुलांना स्पष्ट सांगा. सॉफ्टवेअर चांगलं की वाईट हे त्याचं काम नव्हे. त्याचं काम योग्य माणसाला योग्य दिवसाआधी विचारणं, आणि विचारल्याचा व उत्तराचा कागद राखणं.

जे करार कायद्याच्या तारखेला बांधलेले आहेत

काही करारांत तयारीचे दिवस आपण ठरवत नाही, कायदा ठरवतो. आग विझवण्याच्या यंत्रणेची देखभाल घ्या. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम २००६ प्रमाणे ही यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये द्यावं लागतं. समजा आपल्या कारखान्याचा त्या एजन्सीशी करार ३१ डिसेंबरला संपतो. नवीन एजन्सी नेमायला आणि तिने सगळी यंत्रणा तपासायला पंचेचाळीस दिवस धरले तर निर्णयाची तारीख १६ नोव्हेंबर. ती १ सप्टेंबरच्या यादीत पहिल्यांदा दिसेल. शेवटच्या दिवसावर खिडकी लावणाऱ्या यादीत हाच करार १ नोव्हेंबरला दिसला असता. तेव्हा हातात पंधरा दिवस आणि मध्ये कारखान्याचं बाकी काम. मग जानेवारीत एजन्सी नवी, यंत्रणा न तपासलेली, आणि प्रमाणपत्र अडकलेलं.

हे प्रमाणपत्र शाळांच्या इमारतींनाही लागतं. त्यामुळे आपल्या ऑफिसमधल्या बाईंना किंवा सरांना विचारून मुलांना शाळेचीच एक छोटी नोंदवही करायला देता येते. आग विझवण्याची यंत्रणा, बस, पाण्याचा फिल्टर, झेरॉक्स. चार-पाच ओळी पुरेत. रकमेचा रकाना रिकामा ठेवायला सांगा, ते आपलं काम नाही.

दुसऱ्या तासिकेसाठी काम

खालचा करार फळ्यावर लिहा आणि उत्तर वहीत काढायला सांगा.

कामगारांची बस, कोकणे चौकातून नाशिक फाटा, मोशीमार्गे चाकण. करार १ एप्रिल २०२५ पासून एक वर्षाचा. नोटीस ६० दिवस, तयारी ४५ दिवस. आपोआप वाढत नाही. शेवटचा दिवस कोणता? निर्णयाची तारीख कोणती? कोणत्या महिन्याच्या यादीत तो पहिल्यांदा येईल? 'शेवटची सूचना' कोणत्या महिन्यात? उत्तर आलं नाही तर काय होईल, ते एका वाक्यात लिहा.

शेवटचा दिवस ३१ मार्च २०२६. मोठा आकडा ६०, म्हणून निर्णयाची तारीख ३० जानेवारी. १ नोव्हेंबर २०२५ पासून नव्वद दिवस म्हणजे बरोबर ३० जानेवारी, तर पहिली यादी नोव्हेंबरची, अगदी काठावर. ज्यांनी नोव्हेंबरचे तीस दिवस एकतीस धरले त्यांचं इथे चुकतं. मग डिसेंबर, आणि शेवटची सूचना १ जानेवारीच्या ई-मेलमध्ये.

शेवटच्या प्रश्नाला एकच ठरलेलं उत्तर नाही. 'करार संपेल' असं लिहिणाऱ्याला अर्धे गुण द्या. १ एप्रिलला सकाळची पाळी कोकणे चौकात उभी राहील आणि बस येणार की नाही हे कोणालाच माहीत नसेल, असं जो लिहील त्याला पूर्ण.